बारा पवन

लवू वेर्णेकराला चौकीवर नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वनमालेनं आपल्या अंगावरचं सोनं उतरवलं आणि नवऱ्याच्या काट्यावर ठेवलं.

ती सोनाराचीच लेक होती. काटा हातात धरायला तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. सावंतवाडीला बापाच्या भट्टीशेजारी बसून लहानपणीच ती गुंजा मोजायची. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. एका पारड्यात तिनं दोन पाटल्या, कानातल्या कुड्या आणि मंगळसूत्रातल्या वाट्या-मणी ठेवले. दुसऱ्यात जुने चांदीचे दोन रुपये टाकले. तो जुना रुपया बरोबर तोळ्याचा, म्हणून लवू वजनाला तोच वापरायचा. मग माशांची वजनं एकेक करून घातली. काटा उभा राहिला तेव्हा दोन तोळे दहा मासे भरले होते.

फौजदारांनी सांगितलं होतं, पावणेचार तोळे परत आणून दिले तर फिर्यादी तक्रार मागं घेईल.

अकरा मासे कमी पडत होते. वनमालेनं कुड्यांच्या फिरक्या काढून पुन्हा घातल्या, पारडी झटकली, पुन्हा तोललं. दोन तोळे दहा मासे. काटा काही तिच्यासाठी खोटं बोलणार नव्हता.

हे सगळं सुरू झालं ते अम्मिणीच्या सोन्यावरून. अंधेरी पूर्वेला, स्टेशनपासून कुर्ल्याच्या रस्त्यानं थोडं पुढं गेलं की एक बैठी चाळ होती. तिच्या टोकाच्या खोलीत लवूचं घर आणि घरातच भट्टी. दोन महिन्यांपूर्वी पलीकडच्या चाळीत गोपालन नावाचा मलबारी फिटर बायको घेऊन राहायला आला. त्याची बायको अम्मिणी गावाहून नवीनच आलेली, विशीची पोर. मराठी मुळीच नाही, हिंदी मोडकंतोडकं. धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी तिनं माहेरच्या दोन जाड साखळ्या आणि चार बांगड्या आटवून नव्या घडणीचा हार करायला लवूकडं दिला. देताना दहा बोटं आणि वर दोन बोटं दाखवून म्हणाली होती, "बारा पवन."

"बरं, बरं," लवू हसून म्हणाला होता. त्यानं ते सोनं तिच्यासमोरच तोललं आणि चिठ्ठीवर लिहून दिलं: सोने आले, आठ तोळे दोन मासे पाच गुंजा. अम्मिणीनं चिठ्ठी घडी करून बटव्यात ठेवली. तिला त्यातलं अक्षर कळत नव्हतं.

हार झकास झाला होता. आटवण्यात आणि कानशीत मिळून एक मासा घटला, तोही लवूनं चिठ्ठीवर लिहिला. शनिवारी हार दिला. सोमवारी गोपालन तो घेऊन स्टेशनसमोरच्या नंदकिशोर सराफांच्या पेढीवर गेला. लग्नाला नेण्याआधी किंमत काढावी, एवढंच त्याच्या मनात होतं. नंदकिशोरशेटांकडं सरकारची नवी ग्रॅमची वजनं नुकतीच आली होती. त्यांनी हौसेनं त्याच वजनांवर हार तोलला.

"चौऱ्याण्णव ग्रॅम, वर जवळजवळ नऊशे मिलिग्रॅम," शेट म्हणाले. "आपल्या हिशोबानं आठ तोळे, वर एक मासा पाच गुंजा."

"आठ?" गोपालन म्हणाला. "बारा दिले होते."

गोपालन नऊ वर्षांचा असतानाच मुंबईला आलेला. सोन्याच्या व्यवहारात त्याच्या घरचे पुरुष कधी पडले नव्हते. ती सगळी बायकांची बाब. पवन म्हणजे आपल्याकडचा तोळा, एवढंच त्याला ठाऊक, आणि चाळीतल्या कुणालाही त्यापेक्षा जास्त ठाऊक नव्हतं. वनमालेलासुद्धा नाही. संध्याकाळी तो चार माणसं घेऊन दारात उभा राहिला तेव्हा अम्मिणी मागं उभी राहून रडत होती आणि तोच एक शब्द बोलत होती. "बारा पवन. बारा पवन दिया."

"माझी चिठ्ठी बघा ना," लवू म्हणाला. "आठ तोळे दोन मासे पाच गुंजा. तिच्यासमोर तोललंय."

"चिठ्ठी तुझ्या हातची," गोपालन ओरडला. " तिला वाचता येतं काय? तू आठ लिही नाही तर चार लिही!"

मंगळवारी सकाळी शिपाई आला आणि लवूला घेऊन गेला. दुपारपर्यंत बातमी स्टेशनपर्यंत गेली आणि संध्याकाळी गिऱ्हाइकं आली. कुणाची अंगठी जोडायला टाकलेली, कुणाची नथ. प्रत्येकजण दारातूनच म्हणे, "आमचं तेवढं देऊन टाका, वहिनी." वनमाला देत गेली. मालन नावाची बाई, जिच्या तीन मुलींच्या बाळ्या लवूनं घडवल्या होत्या, तिनं आपली साखळी वनमालेच्याच काट्यावर तोलून घेतली. तोलताना तिनं वर बघितलं नाही.

त्या रात्री वनमाला चौकीवर डबा घेऊन गेली होती. लवूनं डब्याला हात लावला नाही.

"वनू," तो हळूच म्हणाला, "माझ्याकडून तोलण्यात चूक झाली असंल काय गं? बारा रुपये टाकायच्या जागी आठच…"

"काय बोलताय हे! चार तोळ्यांची चूक होते कधी?"

"सगळेच बारा म्हणतायत. ती पोर रडत होती. ती खोटं बोलत नाही, मी बघितलं ना तिच्या तोंडाकडं. मग खोटं कोण बोलतंय?"

वनमालेनं डबा पुन्हा फडक्यात बांधला. तीसुद्धा तेच बघून आली होती.

आता बुधवारी सकाळी अंगावरचं सगळं उतरवून झाल्यावर तिच्या पुढ्यात एकच वस्तू उरली होती जी परक्याची होती: मरोळ गावच्या उर्सुलाबाईंची सोन्याची बांगडी. फासा तुटलेला, लवूनं नवा बसवला होता. उर्सुलाबाई मागायला आल्या नव्हत्या, बहुतेक त्यांच्यापर्यंत गोष्ट पोचली नव्हती. ती बांगडी सव्वा तोळ्याची होती. वनमालेनं ती हातात घेतली. पुष्कळ वेळ घेऊन बसली. अकरा मासे यात सहज निघतील, हा विचार मनात आला तेव्हा तिला स्वतःची इतकी किळस वाटली की ती उठून मोरीवर गेली आणि तोंडावर पाणी मारत राहिली.

मग तिनं बांगडी फडक्यात गुंडाळली आणि चालत मरोळची वाट धरली. परक्याचं सोनं घरात नको. ते देऊन येताना चौकीवर जायचं, दोन तोळे दहा मासे फौजदारांसमोर ठेवायचे आणि पाया पडायचं. तेही चाललं नाही तर पुढं काय, हे तिनं ठरवलं नव्हतं. पण रस्त्याकडेच्या खाणीत साचलेलं हिरवं पाणी दिसलं तेव्हा ती पदर डोक्यावर ओढून रस्त्याच्या दुसऱ्या अंगानं भराभर चालायला लागली.

मरोळ गावठाणात क्रुसाशेजारी उर्सुलाबाईंचं घर. बाई अंगणात कोळंबी वाळत घालत होत्या. त्यांचा नवरा ग्रेगरी ओट्यावर चष्मा लावून वर्तमानपत्र वाचत बसला होता. ग्रेगरीनं उभा जन्म फोर्टात टांकसाळीत काढला, वजनाच्या खोलीत. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती.

"अगं बाय, घेऊन कशाला आलीस? मी रविवारी येणारच होते," उर्सुलाबाई म्हणाल्या आणि मग तिच्या गळ्याकडं बघून थांबल्या. काळ्या पोतीत एकही सोन्याचा मणी नव्हता. "काय झालं गो? लवू बरा आहे ना?"

वनमाला रडणार नव्हती. पण खाली बसली आणि सगळं सांगून टाकलं. अडखळत, पुढचं मागं करत. उर्सुलाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. ग्रेगरीनं वर्तमानपत्र खाली केलं.

"थांब," तो म्हणाला. "त्या पोरीनं नेमकं काय म्हटलं? बारा तोळे?"

"बारा पवन. त्यांच्यात तोळ्याला पवन म्हणतात."

"कोण म्हणतं असं?"

"सगळेच म्हणतात. तिचा नवरासुद्धा."

"तिला कुणी विचारलं?"

तीन दिवसांत सगळ्यांनी अम्मिणीला किती हे विचारलं होतं. पवन म्हणजे काय हे कुणीच विचारलं नव्हतं.

ग्रेगरी उठला, आत गेला आणि पेन्सिल घेऊन आला. वर्तमानपत्राच्या कडेला कोरी जागा होती, तिथं लिहायला बसला.

"पहिल्या लढाईच्या शेवटी, अठरा साली, आमच्या टांकसाळीत गिन्या पाडल्या. राजाची छबी असलेल्या सोन्याच्या गिन्या. मी एकवीस वर्षांचा होतो, नवीन लागलेला. शेजारी पणिकर म्हणून एक मलबारी होता. तो गिनीला गिनी म्हणायचाच नाही. पवन म्हणायचा. आम्ही हसायचो त्याला. त्यांच्या मुलखात गिनीच्या वजनाला पवन म्हणतात, आणि दागिना गिन्यांवर तोलतात. किती गिन्यांचा हार, किती गिन्यांची साखळी."

"पण गिनी तर तोळ्यापेक्षा लहान," वनमाला म्हणाली. गिनी तिनं बापाच्या दुकानात पाहिली होती. "आठ मासे आणि वर थोडी."

"आता बघ. टांकसाळीत आमचा हिशोब औंसात. किराण्याचा औंस नव्हे, सोन्याचा, ट्रॉय औंस. एका औंसाचे चारशे ऐंशी ग्रेन. तोळ्याचे एकशे ऐंशी ग्रेन. तर तीन औंसांचे किती?"

वनमालेनं बोटं मोजली. "चौदाशे चाळीस."

"आणि आठ तोळ्यांचे?"

तिनं पुन्हा मोजलं आणि थांबली. "चौदाशे चाळीसच."

"तीन औंस म्हणजे आठ तोळे. एका ग्रेनचाही फरक नाही. आता गिनी. एकशे तेवीस ग्रेन, वर पाव, आणि वर आणखी केसभर. अशा बारा." पेन्सिल कागदावर करकरली. "चौदाशे एकोणऐंशी आणि थोडे. त्यातून तुझे आठ तोळे गेले. उरले एकोणचाळीस आणि थोडे. तुमच्या माशाचे पंधरा ग्रेन. म्हणजे दोन मासे. उरले नऊ आणि थोडे. गुंज दोन ग्रेनपेक्षा जराशी कमी. पाच गुंजा."

त्यानं आकडा लिहिला आणि वर्तमानपत्र तिच्याकडं सरकवलं.

आठ तोळे, दोन मासे, पाच गुंजा.

वनमालेनं तो आकडा वाचला. लवूच्या चिठ्ठीवरचाच आकडा, गुंजेपर्यंत. उर्सुलाबाई ओरडल्या, "अरे, मग बसलास काय? कोट घाल!"

मरोळ नाक्यावर त्यांना टांगा मिळाला. वाटेत ग्रेगरी एकच गोष्ट बोलला. "माझा हिशोब बरोबर आहे. पण माझ्या हिशोबावर फौजदार कशाला विश्वास ठेवील? ती पोरगी बोलली पाहिजे." चाळीपाशी टांगा थांबवून वनमालेनं गोपालनची खोली गाठली. गोपालन दुपारपाळीच्या कामावर जायच्या तयारीत होता. त्यानं दार लावायचा प्रयत्न केला. वनमालेनं दारात पाय घातला आणि आत बघून म्हणाली, "अम्मिणी, चल माझ्याबरोबर. एकच गोष्ट सांग आणि परत ये." अम्मिणीला शब्द कळले नाहीत, पण ती उठली. बायको चालली म्हटल्यावर गोपालनही शिव्या घालत निघाला.

चौकीत फौजदार कागद लिहीत होते. बाकावर लवू बसला होता, दाढी वाढलेली, हात गुडघ्यांत धरलेले.

"बरं झालं आलात," फौजदार वनमालेला म्हणाले. "तुमच्या नवऱ्यानं कबूल केलंय. चार तोळे काढून झवेरी बाजारात विकले म्हणून लिहून दिलंय. आत्ताच सही केली."

वनमालेला वाटलं आपण ऐकण्यात चुकलो. तिनं लवूकडं बघितलं. त्यानं मान वर केली नाही.

"साहेब," ग्रेगरी म्हणाला, "ज्यानं चार तोळे विकले त्याच्याकडं आधी ते चार तोळे असायला हवेत."

फौजदार चिडले, पण ऐकून घेतलं. म्हातारा कोट घालून आला होता आणि टांकसाळीत होता म्हणत होता. शिपायाला धाडून त्यांनी समोरच्या पेढीवरून नंदकिशोरशेटांना काट्यासकट बोलावलं. मग ग्रेगरी अम्मिणीसमोर बसला आणि हिंदीतून हळूहळू म्हणाला, "बेटी, पवन. पवन क्या है? दिखाव."

अम्मिणीनं नवऱ्याकडं बघितलं. मग कमरेचा बटवा सोडला, आतून एक पिवळं नाणं काढलं आणि टेबलावर ठेवलं. माहेरून येताना आईनं दिलेलं असावं. एका बाजूला राजाची छबी, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार.

"पवन," ती म्हणाली. "एक पवन."

"अरे, ही तर गिनी!" नंदकिशोरशेट म्हणाले.

"तोला," ग्रेगरी म्हणाला.

शेटांनी नाणं पारड्यात टाकलं. आधी जुन्या वजनांवर: आठ मासे, वर पावणेदोन गुंजा. मग ग्रॅमवर: आठ ग्रॅमला अगदी केसभर कमी. त्यांनी स्वतःच पाटीवर गुणाकार केला. बारानं. एकदा करून पुसला, पुन्हा केला.

"जवळजवळ शहाण्णव ग्रॅम," ते म्हणाले. "मी पंच्याण्णव तोलले होते. एक ग्रॅम घट म्हणजे एक मासा. ती चिठ्ठीवर लिहिलेलीच आहे." आणि मग गोपालनकडं वळून म्हणाले, "अरे, तू मला गिनी म्हटलं असतंस तर मी तिथंच सांगितलं असतं! तू बारा म्हणालास. मी समजलो तोळे."

गोपालन अम्मिणीशी त्यांच्या भाषेत बोलू लागला, प्रश्नावर प्रश्न. ती उत्तरं देत होती आणि तिचा आवाज चढत होता. शेवटी तो भिंतीला टेकला. "मला वाटलं," तो म्हणाला, "तोळाच."

फौजदारांनी कबुलीजबाबाचा कागद उचलला, दोनदा वाचला आणि फाडला. "उठा, वेर्णेकर," ते म्हणाले. लवू उठला नाही. शिपायानं हात धरून उठवला तेव्हा तो वनमालेला म्हणाला, "झालं काय?" जणू दुसऱ्याच कुणाची चौकशी चालली होती.

रस्त्यावर आल्यावर वनमालेला राग आला. इतका वेळ तो कुठं होता कुणास ठाऊक.

"सही का केलीत? मी तिकडं पायपीट करतेय, आणि तुम्ही सही करून मोकळे! चोर होतात काय तुम्ही?"

लवू रस्त्याच्या कडेला सरकला. टांगे, सायकली, भाजीच्या गाड्या बाजूनं जात होत्या.

"तू सोनं उतरवणार, हे मला ठाऊक होतं, ते वाचावं म्हणून केली," तो म्हणाला. "आणि खरं सांगू, वनू, आज सकाळी मला तो हार आठवेना. काटा आठवेना. सगळे बारा म्हणत होते. मला वाटलं, मीच घेतलं असंल. माझ्याच हातानं घेतलं असंल आणि मला कळलं नसंल."

वनमाला चालता चालता थांबली. नवऱ्यानं चोरी केली असती तर तिला जेवढी भीती वाटली असती त्याहून जास्त भीती तिला या बोलण्याची वाटली.

गोपालन आणि अम्मिणी दुसऱ्या दिवशी फळं घेऊन आले. गोपालन हात जोडून उभा राहिला. लवूनं त्याला बस म्हटलं, चहा दिला, एक वाकडा शब्द काढला नाही. अम्मिणी वनमालेचे दोन्ही हात धरून काहीतरी बोलत राहिली आणि वनमाला मान हलवत राहिली. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळलं नाही.

गिऱ्हाइकं मात्र परत आली नाहीत. लवू सुटला हे सगळ्यांना कळलं, का सुटला हे कुणाला नीट सांगता येईना. औंस, ग्रेन आणि गिनीची गोष्ट तिसऱ्या तोंडी जाईपर्यंत तिचं 'पोलिसांना काहीतरी दिलं असणार' असं होऊन जायचं. मालन समोरून आली की रस्ता ओलांडायची.

आणि लवूचा हात गेला. भट्टी पेटवायचा, फुंकणी तोंडाला लावायचा आणि तसाच बसून राहायचा. एखादी अंगठी आलीच तर चार-चारदा तोलायचा, वनमालेला हाक मारायचा, "तू बघ गं, किती आहे?" ती सांगायची. तो मान हलवायचा आणि पाचव्यांदा तोलायचा. चैत्रापर्यंत हे चाललं. मग नंदकिशोरशेटांनी, कदाचित मनाला लागलं म्हणून असेल, त्याला पेढीवर चांदीच्या कामाला बोलावलं. चांदीत गुंजेगुंजेचा हिशोब नसतो. तो गेला.

घरची भट्टी वनमालेनं विझू दिली नाही. आधी उर्सुलाबाईंनी मरोळच्या बायका धाडल्या, बांगड्या आणि कानांतल्या कापांच्या दुरुस्तीला. मग गोपालनच्या कारखान्यातल्या मलबाऱ्यांच्या बायका आल्या, अम्मिणीच्या मागून दबकत. वनमाला बापाच्या हाताखाली जेवढं शिकली होती तेवढंच काम घ्यायची, जास्त नाही. नवा हार कुणी मागितला तर सरळ नाही म्हणायची. पण तोलताना पाटीवर तीन ओळी लिहायची: पवन, तोळा आणि ग्रॅम. बाईला समोर बसवून आधी बोलायला लावायची, मगच काट्याला हात लावायची. संध्याकाळी लवू पेढीवरून आला की दारातच उभा राहून तिच्याकडं बघायचा. आत यायला त्याला थोडा वेळ लागायचा.